झूम केल्यावर फोटोचे चौकोन का होतात? सहावी-सातवीच्या मुलांसाठी कार्यशाळा (नागपूर): आराखडा तपासून द्या

बकुळ · शनिवार, रात्री 9:40

नंदनवन भागातल्या एका शाळेत पुढच्या शनिवारी मला दोन तासिका मिळाल्या आहेत, पस्तीस-पस्तीस मिनिटांच्या. सहावी-सातवीची मिळून 38 मुलं. विषय मीच सुचवला: फोटो मोठा करत गेलं की त्याचे चौकोन का होतात. कारण असं की मुलांना वाटतं फोटोत सगळं भरलेलं असतं, आपण फक्त जवळ जायचं. टीव्हीवरच्या पोलिसी मालिकांत "जरा झूम करा" म्हटलं की गाडीचा नंबर लख्ख दिसतो ना, तसं.

माझा आराखडा साधा होता. सुरुवातीला मुलांना फोनवर फोटो झूम करायला लावायचा, चौकोन दिसले की "हे काय आहे?" विचारायचं, मग चौकटीच्या वहीत चित्र रंगवून घ्यायचं. आज घरी करून पाहिलं आणि पहिल्याच पायरीला अडकले. माझ्या फोनवर कितीही बोटं फाकवली तरी चौकोन येतच नाहीत. सगळं धुकट, गुळगुळीत होतं. मुलगा म्हणतो, "आई, तुझा विषयच खोटा आहे."

दोन प्रश्न. चौकोन गेले कुठे? आणि वहीत नेमकं कोणतं चित्र द्यावं? फुलं-पक्षी देऊन पाहिले, मुलं छान रंगवतात आणि काहीच शिकत नाहीत.

---

टेक्नो_विक्या · शनिवार, रात्री 10:05

सोप्पं आहे ताई. चौकोन जेपीजीमुळे येतात. जेपीजी फोटोचे 8 बाय 8 चे तुकडे करून ते दाबतं, त्यामुळे कडा दिसतात. तुमच्या फोनचा कॅमेरा चांगला असेल, कमी दाबत असेल, म्हणून दिसत नसतील. मुलांना व्हॉट्सॲपवर दहा वेळा फिरलेला गुड मॉर्निंगचा फोटो दाखवा, भरपूर चौकोन मिळतील.

---

प्रयोगवेडी · शनिवार, रात्री 10:30

वहीबिही कशाला? फोनच्या स्क्रीनवर पाण्याचा एक बारीक थेंब टाका, टाचणीच्या टोकाएवढा. थेंब भिंगासारखं काम करतो. पांढऱ्या भागावर टाकला की लाल, हिरवे, निळे ठिपके लगेच दिसतात. हेच तर पिक्सेल! माझ्या भाचीला दाखवलं तेव्हा ती अर्धा तास फोन सोडेना.

---

प्रतापनगरकर · रविवार, सकाळी 7:15

उपग्रहाच्या चित्रांवर काम करण्यात वीस-पंचवीस वर्षं गेली माझी, त्यामुळे हा धागा सोडवेना. आधी दोन गुंते सोडवू.

विक्या म्हणतो ते 8 बाय 8 चे तुकडे खरेच असतात, पण बकुळताई विचारतायत ते चौकोन वेगळे. ओळखायचं कसं? चौकोनाच्या आत बघायचं. एका चौकोनात एकच सपाट रंग असेल, शेजारच्यात दुसरा सपाट रंग, तर तो पिक्सेल. चौकोनाच्या आत रंग हलतोय, बारीक लाटा किंवा पट्टे आहेत आणि फक्त सीमेवर तुटल्यासारखं दिसतंय, तर तो जेपीजीचा तुकडा. त्याच्या एका बाजूला आठ पिक्सेल मावलेले असतात. गुड मॉर्निंगच्या फोटोत दोन्ही एकात एक मिसळतात, म्हणून वर्गात तो नकोच. नमुन्याचं चित्र `PNG` म्हणून साठवा, मग जेपीजीचा प्रश्नच राहत नाही.

थेंबाचा प्रयोग देखणा आहे, पण थेंबात दिसतात ते स्क्रीनचे दिवे. फोटो बंद करून कोरा पांढरा पडदा लावला तरी ते तिथेच असतात आणि फोटो झूम केला तरी त्यांचा आकार बदलत नाही. मुलांनी त्यालाच फोटोचे पिक्सेल समजलं तर पुढचं सगळं उलटं शिकतील. दाखवायचाच असेल तर शेवटी दाखवा.

आता चौकोन कुठे गेले ते. फोटो म्हणजे आकड्यांचा तक्ता. एका घराला एक आकडा. तुम्ही दहापट मोठं करता तेव्हा दोन आकड्यांच्या मध्ये नऊ घरं रिकामी पडतात, आणि त्यात काय भरायचं हे फोनला ठरवावं लागतं. एक रीत म्हणजे शेजाऱ्याचाच आकडा उचलून पुढे पुढे लिहीत जायचा. त्यातून चौकोन येतात. दुसरी रीत म्हणजे एका बाजूला 20 आणि दुसऱ्या बाजूला 80 असेल तर मध्ये 26, 32, 38 असं चढत जायचं. त्यातून धुकं येतं. हल्लीच्या फोनमधली गॅलरी बहुतेक दुसरी रीत वापरते. चौकोन लपवलेत, एवढंच. माहिती दोन्हीत सारखीच: एक 20 आणि एक 80.

चौकोन हवेच असतील तर शाळेच्या संगणकावर पेंट उघडा. फोटो `Resize` मध्ये `Pixels` निवडून 32 रुंदीचा करा, `PNG` म्हणून साठवा, आणि मग झूमची पट्टी 800% वर न्या. परत `Resize` करून मोठा करू नका, तिथे पुन्हा धुकं येऊ शकतं. तेच चित्र फोनवर पाठवून मुलांना शेजारी शेजारी दाखवा. "यातलं खरं कोणतं?" असं विचारा आणि गप्प बसा.

---

उषामावशी · रविवार, सकाळी 8:50

माझ्या सासऱ्यांचा एकच फोटो आहे, पासपोर्टच्या आकाराचा. त्याचा फोनने फोटो काढून पुतण्याने व्हॉट्सॲपवर पाठवला. भिंतीवर लावायला मोठा केला तर डोळ्यांच्या जागी नुसते डाग. तुम्ही सांगता ते पेंटमध्ये केलं तर स्पष्ट होईल का?

---

प्रतापनगरकर · रविवार, सकाळी 9:20

नाही मावशी, पेंटने उलट डाग जास्त दिसतील. पण मूळ फोटो हातात असेल तर काळजी नाही. पुतण्याने पाठवलेला विसरा. झेरॉक्सच्या दुकानात तो कागदाचा फोटो 600 डीपीआयवर स्कॅन करून घ्या. साडेतीन बाय साडेचार सेंटीमीटरचा फोटो असेल तर सुमारे 825 बाय 1060 ठिपके मिळतील, वहीच्या अर्ध्या पानाएवढा छापायला पुरतात. फाइल व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून घेऊ नका, पेनड्राइव्हवर घ्या.

---

फ्लेक्सवाला_इतवारी · रविवार, दुपारी 1:10

मावशीसारखे गिऱ्हाईक आमच्याकडे रोज येऊन राहिले भाऊ. वाढदिवसाचा दहा फुटी फ्लेक्स पाहिजे आणि फोटो व्हॉट्सॲपचा. वरून म्हणते, "तुमची मशीन खराब आहे."

पण एक गोष्ट मला कधी समजली नाही जी. दुकानात टेबलावर पसरवला तर चेहरा पार फाटलेला दिसते. तोच फ्लेक्स चौकात खांबावर चढवला की एकदम झकास. गिऱ्हाईक खूश, मीही खूश. असं काऊन होते?

---

प्रतापनगरकर · रविवार, दुपारी 4:30

भाऊ, तुमचा फ्लेक्स तर वर्गात न्यायला हवा. हिशोब करू. समजा फोटो 1200 ठिपके रुंद आहे. दहा फूट म्हणजे 120 इंच. एका इंचात दहा ठिपके, म्हणजे एकेक ठिपका साधारण अडीच मिलिमीटरचा झाला. टेबलावर हाताच्या अंतरावरून अडीच मिलिमीटर म्हणजे ज्वारीच्या दाण्याहून थोडं कमी, दिसणारच. चांगली नजर असलेल्या माणसालाही नऊ मीटरवरून अडीच मिलिमीटरच्या दोन शेजारच्या गोष्टी वेगळ्या काढणं जेमतेम जमतं. खांबावरचा फ्लेक्स रस्त्यावरून तीस फुटांवर असतो, म्हणजे नऊ मीटर. ठिपके तेवढेच राहिले, आपण लांब गेलो.

बकुळताई, याचा उपयोग असा: मुलांनी वहीत अर्ध्या सेंटीमीटरच्या घरांत रंगवलेलं चित्र व्हरांड्याच्या एका टोकाला लावा. हिशोबाने सतरा मीटरवर घरं विरघळतील. चेहरा किंवा आकार त्याच्या कितीतरी आधीच ओळखू येतो. व्हरांडा लहान असेल तर डोळे किलकिले करायला सांगा, तेच काम होतं.

---

बकुळ · रविवार, रात्री 8:15

सर, फोनवर चौकोन का नाहीत ते एकदम उलगडलं. 20 आणि 80 चं मुलांना नक्की पटेल. पण मूळ अडचण अजून तशीच आहे. "माहिती नव्हतीच" हे वाक्य मी शंभरदा म्हणेन आणि मुलं मान डोलावतील. त्यांना ती गेलेली माहिती *जाताना* दिसायला हवी. चित्र कोणतं देऊ?

---

प्रतापनगरकर · रविवार, रात्री 10:40

चित्र देऊच नका. आकडा द्या, कॅल्क्युलेटरमधला.

आठ घरं रुंद, बारा घरं उंच. रेघ दोन घरं जाड. हा 3:

```
■■■■■■■■
■■■■■■■■
□□□□□□■■
□□□□□□■■
□□□□□□■■
■■■■■■■■
■■■■■■■■
□□□□□□■■
□□□□□□■■
□□□□□□■■
■■■■■■■■
■■■■■■■■
```

आता पेन्सिलीने यावर चार-चार घरांचे मोठे चौकोन आखायचे. आडवे दोन, उभे तीन, एकूण सहा. हा आपला स्वस्त कॅमेरा: त्याच्याकडे फक्त सहा डोळे आहेत. प्रत्येक मोठ्या चौकोनात 16 लहान घरं. त्यातली काळी मोजायची. निम्मी किंवा जास्त, म्हणजे 8 किंवा पुढे, काळी असतील तर दुसऱ्या कागदावर तो चौकोन पूर्ण काळा. नाहीतर पांढरा.

3 मध्ये डावीकडच्या तिन्ही चौकोनांत 8-8 काळी घरं येतात, उजवीकडे 12-12. म्हणजे सहाही चौकोन काळे. आता 8 घ्या: सहाही चौकोनांत 12. पुन्हा सगळे काळे. मी बसून दहाही आकडे केले. 1, 4 आणि 7 एवढेच वेगळे राहतात. बाकीचे सात, म्हणजे 0, 2, 3, 5, 6, 8, 9, सगळ्यांचा एकच काळा ठोकळा होतो.

मुलांना जोड्या करून वेगवेगळे आकडे द्या, शेजाऱ्याला दाखवू देऊ नका. सहा चौकोनांचे कागद फळ्यावर चिकटवा आणि विचारा, "यातला 8 कोणाचा?" मग फळ्यावर दोन फुटी काळा ठोकळा काढून म्हणा, "बरं, झूम करून दाखवते. आता सांगा." एक ठोकळा सात आकड्यांचा असू शकतो हे त्यांनी स्वतःच्या हाताने केलेलं असेल. झूमने त्यातला एक कसा निवडावा?

आमच्या कामात हे रोजचं. लिस-3 नावाच्या आपल्या उपग्रह कॅमेऱ्याचं एक घर जमिनीवर 23.5 मीटरचं. त्यात कुणाचं छत, थोडं अंगण, एक कडुनिंब, अर्धा रस्ता, सगळ्यांचा मिळून एकच आकडा येतो. अंबाझरी तलाव छान दिसतो. तलावाकाठी उभी गाडी दाखवा म्हटलं तर ती त्या आकड्यात कुठेतरी विरघळलेली असते.

---

टेक्नो_विक्या · रविवार, रात्री 11:20

सर, जेपीजीचं मान्य, गडबड झाली. पण इथे थोडी चलाखी आहे तुमची. काळं-पांढरं केलं म्हणून सात आकडे एक झाले. मोजलेले आकडेच लिहिले तर? 3 या अंकात डावीकडे 8 काळी घरं आणि 8 या अंकात 12. वेगळे आहेत की! म्हणजे माहिती गेली नव्हती, तुम्ही फेकली.

---

प्रतापनगरकर · सोमवार, सकाळी 6:50

पकडलंस. खरं आहे. सहा चौकोनांतले मोजलेले आकडे ठेवले तर दहाही अंक एकमेकांपासून वेगळे निघतात, मी रात्रीच तपासलं. पण ते कधी चालतं बघ: अंक याच ठशाचे आहेत, चौकट बरोब्बर कडेला लागली आहे आणि गाडीच्या नंबरप्लेटवर चिखल नाही, हे तिन्ही आधीच माहीत असेल तर. बाहेरच्या माहितीवर ओळखतोयस तू, त्या सहा आकड्यांतून 3 चा आकार काही *दिसत* नाही.

तरी तुझा मुद्दा सहावीला सांगू नये असं वाटतं. बकुळताईंनी ठरवावं.

---

नाठाळ · सोमवार, दुपारी 12:00

सहावीच्या पोरांना हे कशाला? त्यांना अपूर्णांक येत नाहीत धड.

---

बकुळ · सोमवार, दुपारी 3:30

"16 पैकी 12" हा अपूर्णांकच आहे हो. त्याच धड्यावर चालल्येत पोरं सध्या.

ठरलं तर मग. पहिल्या तासिकेत फोन आणि पेंट शेजारी शेजारी, मग 20-80 ची पट्टी. दुसऱ्या तासिकेत आकडे. शनिवारी सांगते काय झालं.

---

बकुळ · शनिवार, संध्याकाळी 6:20

आले करून. घसा बसलाय, पण लिहितेच.

पेंट आणि फोनची जोडी मस्त चालली. 32 ठिपक्यांचा फोटो मी झिरो माइलच्या खांबाचा घेतला होता, चार घोड्यांसकट. पेंटमध्ये घोडे म्हणजे तपकिरी विटा, फोनवर तपकिरी धुकं. "खरं कोणतं?" वर वर्ग सरळ दुभंगला. बहुतेक मुलं म्हणाली फोनचं, कारण ते "छान" आहे. मग फळ्यावर दहा घरांची पट्टी काढली, एका टोकाला 20, दुसऱ्या टोकाला 80. निम्म्या वर्गाला सांगितलं मधली घरं शेजाऱ्याची नक्कल करून भरा, निम्म्याला सांगितलं पायरीपायरीने चढा. (दहा घरांत चढ पूर्णांकात येत नाही हे मला उभ्या उभ्या लक्षात आलं. सर, तुमची ती 26, 32 अकरा घरांची होती. पुढच्या वेळी अकरा घ्यायची.) एक मुलगा म्हणाला, "मॅडम, दोघांनीही मनानेच भरलं." यापेक्षा चांगलं मला सांगता आलं नसतं, मी तसंच पुढे गेले.

गोंधळ झाला तो आकड्यांत. मी म्हटलं होतं "निम्मी किंवा जास्त". खिडकीकडच्या रांगेने ऐकलं "निम्म्याहून जास्त". एका शब्दाचा फरक. त्यांच्याकडे ज्या चौकोनात बरोबर 8 घरं होती ते सगळे पांढरे राहिले. फळ्यावर कागद लागले तेव्हा दाराकडच्या रांगेचा 3 म्हणजे काळा ठोकळा आणि खिडकीकडच्या रांगेचा 3 म्हणजे फक्त उजवी काळी पट्टी. आणि ज्या जोडीला 1 दिला होता त्यांचा कागद कोराच! बिचाऱ्यांना वाटलं आपलं चुकलं, दोनदा मोजलं. 1 मध्ये उजवीकडच्या तिन्ही चौकोनांत 8-8 च घरं, त्यांच्या नियमाने एकही काळा होईना. मी आधी वैतागले, मग सरळ सगळ्यांना विचारलं की या दोघांचा 1 गेला कुठे. हे ठरवून केलं असतं तर जमलं नसतं.

आता मुख्य. सातवीतल्या एका मुलीने तिचा 0 समास सोडून काढला. म्हणजे डावीकडून दोन घरं आत. मोठे चौकोन मात्र पानाच्या कडेपासून आखले. त्यामुळे तिला आडवे तीन, उभे तीन असे नऊ चौकोन लागले. आणि तिचं उत्तर ठोकळा आलंच नाही. मधला चौकोन पांढरा, भोवती आठ काळे. चक्क शून्य! शेजारच्या मुलाचा 0 ठोकळा, हिचा 0 शून्यासारखा. ती उभी राहून म्हणाली, "मॅडम, माझ्या कॅमेऱ्याला दिसलं. तुम्ही तर म्हणाला होतात की माहिती जाते."

मला उत्तर देता आलं नाही. "पुढच्या वेळी सांगते" म्हटलं. सर, काय सांगू?

---

प्रतापनगरकर · शनिवार, रात्री 9:05

त्या मुलीला माझा नमस्कार सांगा.

तिचं बरोबर आहे. मी करून पाहिलं. दोन घरं सरकवलं की 0 च्या आतली पोकळी बरोब्बर मधल्या चौकोनात पडते, म्हणून तिथे काळं घर एकही नाही. आधी तीच पोकळी दोन चौकोनांत अर्धी-अर्धी वाटली जात होती आणि दोन्हीकडे बाजूच्या काळ्या रेघेखाली दबत होती. 8 सरकवला तर नऊच्या नऊ चौकोनांत 8-8 घरं येतात, म्हणजे पूर्ण काळा मोठा ठोकळा. 3 सरकवला तर डावी रांग पांढरी होते. म्हणजे न सरकवता 0, 3 आणि 8 एकच होते, सरकवल्यावर तिघे वेगळे झाले.

पण यात एक फसगतही आहे, तीही तिला दाखवा. सरकवलेल्या 3 चा ठोकळा आडवा दोन, उभा तीन असा येतो. न सरकवलेल्या 8 चाही तसाच येतो. कागद हातात आला आणि चौकट कुठे लागली होती हे माहीत नसेल तर पुन्हा अडलं.

सांगायचं असं: *एका* फोटोत जे गेलं ते त्याच फोटोत झूम करून मिळत नाही. तिने झूम केलं नाही, तिने चौकट हलवून *दुसरा* फोटो काढला. दुसऱ्या फोटोत नवी माहिती असते. आपले हात फोन धरताना थरथरतात, त्यामुळे लागोपाठ काढलेल्या फोटोंत चौकट प्रत्येक वेळी थोडी सरकते. 2018 मध्ये आलेल्या गूगलच्या पिक्सेल 3 फोनमध्ये झूमसाठी हीच युक्ती वापरली होती, थरथरीतले बरेच फोटो एकत्र करून. तिने समास सोडला तेव्हा तिच्या हातून तेच झालं.

---

फ्लेक्सवाला_इतवारी · शनिवार, रात्री 9:50

म्हणजे गिऱ्हाइकाने एकाच फोटोच्या दहा कॉप्या पाठवल्या तर उपयोग नाही, पण दहा वेगळे काढलेले पाठवले तर आहे. बरोबर ना जी?

---

प्रतापनगरकर · शनिवार, रात्री 10:10

तत्त्व तेच. फक्त चेहरा दहाही वेळा हलता कामा नये, आणि वाढदिवसाचा माणूस काही गप्प बसत नाही.

---

उषामावशी · रविवार, सकाळी 9:00

स्कॅन करून आणला. डोळे दिसतात. कपाळावर एक रेघ आहे ती खरी आहे की फोटोला घडी पडलेली, यावर घरात वाद चाललाय.

---

बकुळ · रविवार, सकाळी 11:30

मावशी, बरं झालं.

सर, कालच्या शेवटी आणखी एक प्रश्न आला होता तो लिहायचा राहिला. त्याच मुलीने विचारलं, "पेपरमध्ये कोणाचा चेहरा किंवा गाडीचा नंबर चौकोन-चौकोन करून लपवतात. मग तो ओळखता येईल का?" मी म्हटलं नाही. आता विक्याचा मुद्दा आठवून धास्ती वाटतेय.

---

टेक्नो_विक्या · रविवार, दुपारी 12:15

नंबर तर येईलच! `MH 31` आणि पुढची अक्षरं दिसत असतील तर राहिले चार अंक, म्हणजे दहा हजार शक्यता. ठसा माहीत आहे. दहाही हजार नंबर तयार करायचे, प्रत्येकाचे तसेच चौकोन करायचे आणि पेपरातल्या छटांशी जुळवून बघायचं. संगणकाला मिनिटंही लागणार नाहीत.

---

प्रतापनगरकर · रविवार, दुपारी 2:40

नंबरच्या बाबतीत विक्याशी सहमत, छटा नीट राहिल्या असतील तर. म्हणून नंबर लपवायचा तर वरून सरळ काळी पट्टी मारावी, चौकोन करू नयेत. चेहऱ्याबद्दल मात्र माझं तितकं ठाम मत नाही. अंक दहाच असतात, चेहऱ्यांची अशी यादी करता येत नाही. पण संशय पाचच माणसांवर असेल आणि पाचांचेही फोटो हाताशी असतील तर? मग चेहराही अंकासारखाच होतो.

---

टेक्नो_विक्या · रविवार, दुपारी 3:05

पाच जणांचे फोटो त्याच कोनातून, त्याच उजेडात नसणार सर. तिथे तुमचाच चिखलाचा मुद्दा लागू होतो.

---

बकुळ · रविवार, दुपारी 4:00

तुम्ही दोघं भांडा. मला सोमवारी मधल्या सुट्टीत पंधरा मिनिटं मिळाल्येत. तिला दहाही आकड्यांची सहा-सहा घरांची मोजणी लिहून देते, एक कागद गुपचूप निवडते आणि फक्त मोजलेले आकडे सांगून अंक ओळखायला लावते. काळी पट्टी पण सोबत नेते.